एकच आयव्ही दोनदा वापरला तर एईएस-जीसीएमचं काय होतं?

एखाद्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये कर्मचाऱ्यांचे पगार ठेवायचे आहेत, पण डेटाबेसची कॉपी कुणाच्या हाती लागली तरी आकडे वाचता येऊ नयेत. म्हणून प्रत्येक ओळीतला पगार एन्क्रिप्ट करायचा. आज या कामासाठी बहुतेक जण एईएस-२५६-जीसीएम निवडतात आणि निवड बरोबरच आहे. मात्र या पद्धतीची एक अट आहे. ती मोडली तर कुठलीही एरर येत नाही, टेस्ट हिरव्याच राहतात, डेटा नीट डिक्रिप्ट होतो, आणि तरीही संरक्षण संपलेलं असतं. अट अशी: एकाच कीखाली एकच आयव्ही दोनदा वापरायचा नाही. आयव्ही म्हणजे दर वेळी एन्क्रिप्ट करताना कीसोबत द्यायचा १२ बाइटचा आकडा. जीसीएमच्या संदर्भात त्याला नॉन्सही म्हणतात. इथे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच.

ही अट इतकी कडक का, ते समजण्यासाठी आत काय चालतं ते बघायला हवं. फार गणित लागत नाही. एक्सॉर कळलं की निम्मं काम झालं: दोन बिट सारखे असतील तर उत्तर ०, वेगळे असतील तर १. त्यामुळे एखाद्या आकड्याला त्याच आकड्याने एक्सॉर केलं की शून्य येतं, आणि एकाच आकड्याने दोनदा एक्सॉर केलं की मूळ मजकूर परत मिळतो.

जीसीएम मजकुराला हात कसा लावतं

एईएस स्वतः फक्त एकच गोष्ट करतं. की आणि १६ बाइटचा एक ब्लॉक दिला की त्याचा दुसरा १६ बाइटचा ब्लॉक बनवून देतं. मोठा मजकूर कसा हाताळायचा, कुणी त्यात फेरफार केला तर कसं ओळखायचं, हे एईएस सांगत नाही. ते काम मोडचं. जीसीएम हा मोड डेव्हिड मॅकग्र्यू आणि जॉन व्हिएगा यांनी मांडला आणि अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २००७ मध्ये तो आपल्या शिफारशींत घेतला. तो गुप्तता आणि खरेपणाची खात्री ही दोन्ही कामं एकत्र करतो.

गंमत म्हणजे जीसीएममध्ये तुमचा मजकूर एईएसच्या आत जातच नाही. आत जातो तो १२ बाइटचा आयव्ही आणि त्याला जोडलेला ४ बाइटचा काउंटर. १२ आणि ४ मिळून १६ बाइट, म्हणजे बरोबर एक ब्लॉक. काउंटर २ घालून जे १६ बाइट बाहेर येतात ते मजकुराच्या पहिल्या १६ बाइटांशी एक्सॉर होतात, काउंटर ३ चे पुढच्या सोळांशी, आणि असंच पुढे. बाहेर पडणाऱ्या या बाइटांच्या सलग पट्टीला कीस्ट्रीम म्हणतात.

काउंटर १ राखून ठेवलेला असतो. त्यातून येणारा ब्लॉक, त्याला इथे S म्हणू, टॅग झाकायला वापरतात. टॅग म्हणजे शेवटी जोडले जाणारे १६ बाइट. डिक्रिप्ट करताना तो जुळला नाही तर लायब्ररी मजकूर द्यायलाच नकार देते. पायथनच्या `cryptography` लायब्ररीत तेव्हा `InvalidTag` हा एक्सेप्शन येतो.

आता यातली नाजूक जागा दिसेल. कीस्ट्रीम ठरते ती फक्त की आणि आयव्ही यांवरून. मजकुराचा तिच्याशी काहीही संबंध नाही. की तीच आणि आयव्ही तोच असेल, तर मजकूर कितीही बदलला तरी कीस्ट्रीम तीच येणार.

करून बघा

खालच्या कोडमध्ये चूक मुद्दाम केली आहे. आयव्ही म्हणून १२ शून्य बाइट दिले आहेत, दोन्ही वेळा तेच.

```python
from cryptography.hazmat.primitives.ciphers.aead import AESGCM

key = AESGCM.generate_key(bit_length=256)
iv = bytes(12)
g = AESGCM(key)
a = g.encrypt(iv, b"salary=00045000;", b"emp:101")
b = g.encrypt(iv, b"salary=00182000;", b"emp:102")
print(bytes(x ^ y for x, y in zip(a[:16], b[:16])).hex())
```

`encrypt` ला दिलेली तिसरी गोष्ट, `emp:101`, ही एएडी. ती एन्क्रिप्ट होत नाही, पण टॅगच्या हिशोबात धरली जाते. त्यामुळे १०१ च्या ओळीतला एन्क्रिप्ट केलेला पगार उचलून १०२ च्या ओळीत ठेवला तर टॅग जुळत नाही. चांगली सवय आहे, डेटाबेसमध्ये तर लावूनच घ्यावी.

प्रोग्राम दर वेळी नवी, पूर्णपणे रँडम २५६ बिटची की बनवतो. तरीही तो कितीही वेळा चालवला तरी उत्तर एकच:

```
000000000000000000010c0700000000
```

की बदलली तरी उत्तर बदलत नाही, कारण उत्तरात की उरलेलीच नाही. दोन्ही सायफरटेक्स्टमध्ये तीच कीस्ट्रीम मिसळलेली होती. त्यांचं आपसात एक्सॉर केल्यावर ती कटली आणि मागे राहिला तो दोन मूळ मजकुरांचा एक्सॉर. जिथे `00` आहे तिथे दोन्ही मजकुरांतली अक्षरं सारखी आहेत. म्हणजे दोन पगारांत फक्त तीन अंक वेगळे आहेत, हे कुणालाही की नसताना कळलं.

आता समजा हे बघणारा माणूस कर्मचारी १०१ च आहे. स्वतःचा पगार ४५,००० हे त्याला माहीत आहेच. संगणकात `0` या अंकाचा बाइट `30`, `4` चा `34` आणि `5` चा `35` असतो. त्याच्या पगारातल्या वेगळ्या निघालेल्या तीन जागांवर `0`, `4`, `5` आहेत. `30` ला `01` ने एक्सॉर केलं की `31`, म्हणजे `1`. `34` ला `0c` ने केलं की `38`, म्हणजे `8`. `35` ला `07` ने केलं की `32`, म्हणजे `2`. सहकाऱ्याचा पगार १,८२,०००. कागद-पेन्सिल पुरली. २५६ बिटच्या कीला हातही लावावा लागला नाही.

एक मजकूर पूर्ण माहीत असलाच पाहिजे असंही नाही. जेसन, एक्सएमएल, पीडीएफ यांच्या सुरुवाती ठरलेल्या असतात, फील्डची नावं ठरलेली असतात, आणि एका आयव्हीखाली तीन-चार मजकूर सापडले की अंदाज पटापट पडताळता येतात.

जुन्या सीबीसी मोडची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. सीबीसीमध्ये स्थिर आयव्ही ठेवला तर दोन मजकुरांची सुरुवात सारखी आहे की नाही एवढं उघड होतं. ती चूकच, पण नुकसान तेवढ्यापुरतं. तोच हिशोब मनात धरून कुणी `CBC` च्या जागी `GCM` लिहितं आणि स्थिर आयव्ही तसाच ठेवतं. कागदावर सुरक्षा वाढलेली दिसते, प्रत्यक्षात ती आधीपेक्षा खाली गेलेली असते.

टॅगही जातो, आणि तो त्या आयव्हीपुरता जात नाही

वाचता येणं हा धोक्याचा लहान भाग. मोठा भाग फ्रेंच क्रिप्टोग्राफर आंत्वान जू यांनी २००६ मध्येच, जीसीएमची शिफारस पक्की होण्याआधी, निस्टला दाखवून दिला होता.

टॅग असा बनतो. आधी शून्यांचा एक ब्लॉक कीने एन्क्रिप्ट करतात. त्यातून येणाऱ्या १६ बाइटांना H म्हणतात. H फक्त कीवर अवलंबून असतो, आयव्हीवर नाही. मग एएडी, सायफरटेक्स्ट आणि दोघांची लांबी यांचे ब्लॉक H च्या चढत्या घातांनी गुणून एकत्र करतात. इथला गुणाकार १२८ बिटच्या एका विशेष अंकपद्धतीतला असतो, ज्यात बेरीज म्हणजेच एक्सॉर. बाकी तपशील आत्ता लागत नाही. आपल्या उदाहरणात एक ब्लॉक एएडीचा, एक सायफरटेक्स्टचा आणि एक लांबीचा:

```
T = A·H³ ⊕ C·H² ⊕ L·H ⊕ S
```

S हा झाकण्यापुरता. तो माहीत नसल्यामुळे बाहेरून T बघून H काढता येत नाही. पण आयव्ही तोच असेल तर S ही तोच येतो. मग दोन टॅगांचं एक्सॉर केलं की S कटतो, आणि दोन्ही लांब्या सारख्या असल्याने L ही कटतो:

```
T1 ⊕ T2 = (A1⊕A2)·H³ ⊕ (C1⊕C2)·H²
```

यातली H सोडून प्रत्येक गोष्ट डेटाबेसमध्ये उघड पडलेली आहे. समीकरण तिसऱ्या घाताचं, म्हणून H साठी फार तर तीन उमेदवार. दोन्ही ओळींची एएडी सारखी असती तर H³ चं पद गेलं असतं आणि उत्तर एकमेव निघालं असतं, कारण या अंकपद्धतीत वर्गमूळ एकच असतं. लांब मजकुरांत घात वाढतो आणि उमेदवार वाढतात, पण अशी समीकरणं सोडवणं साध्या लॅपटॉपचं काम आहे आणि त्याच आयव्हीचा तिसरा मजकूर मिळाला की खरा H उरतो.

H मिळाला की पुढचं सोपं. १०१ ला स्वतःचा पगार ९५,००० करायचा आहे. `4` चा `9` करायला `34` आणि `39` यांतला फरक, `0d`, सायफरटेक्स्टच्या अकराव्या बाइटमध्ये एक्सॉर करायचा. नुसतं एवढं केलं असतं तर टॅगने पकडलं असतं. आता नवा टॅगही काढता येतो:

```
T' = T ⊕ (C⊕C')·H²
```

या सूत्रात S नाही. म्हणजे ज्या ओळींना वेगळा, नीट रँडम आयव्ही मिळाला होता त्याही या कीखाली असतील तर बदलता येतात. आयव्हीची पुनरावृत्ती झाली दोनच ओळींत, पण खरेपणाची खात्री गेली त्या कीच्या सगळ्या ओळींची. गुप्तता मात्र फक्त आयव्ही पुन्हा आलेल्या ओळींचीच जाते, आणि मूळ की कुणाला मिळत नाही. नुकसान मोजताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

मोठ्यांच्या घरीही

२०१६ मध्ये हॅनो बॉक आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरचे एचटीटीपीएस सर्व्हर तपासले, तेव्हा जीसीएमचे नॉन्स परत परत वापरणारे १८४ सर्व्हर सापडले. एचटीटीपीएस ज्यावर चालतं त्या टीएलएसच्या १.२ आवृत्तीत नॉन्सचे शेवटचे ८ बाइट कसे ठरवायचे हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर सोडलं होतं. त्याचं हे फळ. टीएलएस १.३ ने तो निर्णय त्यांच्याकडून काढूनच घेतला. तिथे नॉन्स म्हणजे संदेशाचा क्रमांक आणि त्या जोडणीसाठी ठरलेला १२ बाइटचा आकडा यांचं एक्सॉर, आणि तो तारेवरून पाठवलाही जात नाही, कारण क्रमांक दोन्ही बाजू स्वतःच मोजतात.

दुसरं उदाहरण फोनमधलं. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅमसंगच्या गॅलेक्सी एस८ ते एस२१ या फोनांतली की साठवण्याची व्यवस्था उलगडून २०२२ मध्ये निबंध मांडला. अ‍ॅपच्या कीज फोनच्या सुरक्षित भागात एईएस-जीसीएमने गुंडाळल्या जात, आणि गुंडाळलेलं पाकीट अँड्रॉइडच्या नेहमीच्या भागात साठवलं जाई. गुंडाळणारी की हार्डवेअरमधली, कुणाला न दिसणारी. घोळ असा की गुंडाळताना कुठला आयव्ही वापरायचा हे बाहेरून मागणी करणाऱ्याला सांगता येत होतं. मग अँड्रॉइडवर पूर्ण ताबा मिळवलेल्या हल्लेखोराने फक्त इतकं करायचं: ज्या पाकिटातली की हवी त्याचा आयव्ही बघायचा, तोच आयव्ही आणि तीच बाकी माहिती देऊन स्वतःला ठाऊक असलेली एक की गुंडाळून घ्यायची, आणि दोन पाकिटांचं एक्सॉर करायचं. वरचा पगाराचा हिशोब जसाच्या तसा. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत या दोषाला `CVE-2021-25444` हा क्रमांक मिळाला आणि २०२१ मध्येच दुरुस्ती आली. नव्या मॉडेलांत रचना सुधारलेली होती, पण त्यांनाही जुन्या प्रकारचं पाकीट बनवायला लावता येत होतं. त्याचा क्रमांक वेगळा, `CVE-2021-25490`.

अशी चूक टाळण्यासाठी जावा एकाच सायफरला लागोपाठ तीच की आणि तोच आयव्ही देऊ देत नाही. `Cannot reuse iv for GCM encryption` असं सांगून थांबते. पण तिला फक्त मागचा आयव्ही आठवतो. नवा ऑब्जेक्ट बनवला की ती सगळं विसरते, त्यामुळे या संदेशाच्या भरवशावर राहू नये.

आयव्ही कुठून आणायचा

साधा मार्ग रँडम १२ बाइट: पायथनमध्ये `os.urandom(12)`, आणि तो प्रत्येक `encrypt` च्या लगेच आधी, लूपच्या बाहेर नाही. आयव्ही गुप्त नसतो, सायफरटेक्स्टच्या पुढे जोडून ठेवायचा. म्हणजे १६ बाइटच्या पगाराला १२ + १६ + १६, एकूण ४४ बाइट जागा लागते. या मार्गाला मर्यादा आहे. रँडम आकडेही कधीतरी जुळतात, म्हणून निस्टने एका कीखाली २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी, इतक्याच वेळा एन्क्रिप्ट करायची मुभा दिली आहे. पगाराच्या तक्त्याला ती जन्मभर पुरेल. दर सेकंदाला लाख संदेश हाताळणाऱ्या व्यवस्थेत ती बारा तासांतच संपते. अशा ठिकाणी की वारंवार बदलावी लागते.

दुसरा मार्ग काउंटरचा. तो मुळीच जुळत नाही, पण तो मागे जाता कामा नये, आणि नेमकं तेच घडतं. काउंटर मेमरीत असतो आणि वीज गेली की पुन्हा शून्यावर येतो. व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवरून परत उठवलं की काउंटरही जुना होतो. दोन सर्व्हर एकच की घेऊन दोघेही १ पासून मोजू लागतात. यावर उपाय म्हणजे आयव्हीचे पहिले ४ बाइट त्या सर्व्हरचे स्वतःचे आणि उरलेले ८ काउंटरचे. आणि काउंटरचे पुढचे हजार क्रमांक आधीच डिस्कवर खर्ची टाकून मगच वापरायला घ्यायचे, म्हणजे मशीन बंद पडलं तर काही क्रमांक वाया जातात पण कुठलाच पुन्हा येत नाही. स्नॅपशॉटवर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे उठताच नवी की घेणंच बरं.

एक चूक मुद्दाम वेगळी सांगावीशी वाटते, कारण ती हुशारीसारखी दिसते. कुणीतरी आयव्ही म्हणून ओळीच्या आयडीचा हॅश वापरतं: प्रत्येक ओळीचा आयडी वेगळा, म्हणजे आयव्ही वेगळा, साठवायलाही नको. पगारवाढ होईपर्यंत हे खरं. ओळ अपडेट झाली की तोच आयव्ही नव्या आकड्यावर चढतो. डेटाबेसमध्ये एकच ओळ दिसते, पण मागच्या महिन्याच्या बॅकअपमध्ये तिची जुनी आवृत्ती बसलेली असते आणि दोन्ही हातात आल्या की वाढ किती झाली ते कळतं.

आयव्ही कधीच पुन्हा येणार नाही याची हमी देता येत नसेल तर एईएस-जीसीएम-एसआयव्ही हा मोड आहे, २०१९ च्या `RFC 8452` मधला. त्यात मजकुराकडे बघूनच काउंटरची सुरुवात ठरते. आयव्ही पुन्हा आला तर, मजकूर आणि एएडी दोन्ही तेच आहेत की नाहीत, इतकंच उघड होतं. त्यासाठी मजकुरावरून दोनदा जावं लागतं, म्हणून सगळा मजकूर आधी हातात असावा लागतो. वाहत्या व्हिडिओसाठी तो सोयीचा नाही. पायथनमध्ये तो `AESGCMSIV` या नावाने मिळतो, मात्र खाली ओपनएसएसएल ३.२ किंवा त्याहून नवं लागतं.

आपल्याकडे झालंय का, हे कसं कळेल

सर्वांत सोपी चाचणी: तोच मजकूर दोनदा एन्क्रिप्ट करा. जीसीएमचं उत्तर दोन्ही वेळा सारखं आलं तर आयव्ही स्थिर आहे. साठवलेल्या डेटासाठी, आयव्ही पुढे जोडलेला आहे असं धरून, पोस्टग्रेसमध्ये:

```sql
SELECT key_id, substring(enc FROM 1 FOR 12) AS iv, count(*)
FROM payroll
GROUP BY key_id, iv
HAVING count(*) > 1;
```

एकही ओळ आली तरी ती की बाद. नवी की बनवायची आणि त्या कीखालचं सगळं तिच्याखाली पुन्हा एन्क्रिप्ट करायचं, फक्त सापडलेल्या ओळी नाहीत. पण त्याआधी जुने आकडे स्वतंत्र नोंदींशी, उदाहरणार्थ बँकेत गेलेल्या रकमांशी, ताडून बघायचे. टॅग जुळतो एवढ्यावरून ते खरे आहेत असं आता म्हणता येत नाही. हीच क्वेरी बॅकअप आणि चालू डेटा एकत्र करूनही चालवावी लागते. त्या वेळी जिथे `enc` चे सगळे बाइट हुबेहूब तेच आहेत ती न बदललेली ओळच दोनदा मोजली गेलेली असते, ती `SELECT DISTINCT key_id, enc` ने आधी गाळून टाकायची. आयडीच्या हॅशवाली चूक फक्त तिथेच दिसते, आणि तीही आयव्ही साठवलेला असेल तरच. नसेल तर कोडमध्ये आयव्ही बनवणारी ओळ शोधून वाचण्याला पर्याय नाही.